दोन वस्त्या, एकच सरासरी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या उन्हाळी पाणीपुरवठ्याबद्दल काही तरुण कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन सर्वेक्षण केले. त्याची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या नागपूर आवृत्तीत आली. सोबत तक्त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो होता आणि मथळा होता, ‘दोन्ही वस्त्यांत मध्यम समाधान’. मी अनेक वर्षे महाविद्यालयात सांख्यिकी शिकवली आणि त्यांतल्या एका वस्तीत राहते. तो मथळा वाचून मला स्वस्थ बसवले नाही, म्हणून हे पत्र.

तक्ता साधा होता. प्रश्न एकच: उन्हाळ्यातल्या पाणीपुरवठ्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? उत्तरे पाच. ‘अजिबात समाधानी नाही’ला १, ‘असमाधानी’ला २, ‘धड हे ना ते’ला ३, ‘समाधानी’ला ४ आणि ‘पूर्ण समाधानी’ला ५. जलकुंभालगतच्या आमच्या वस्तीत ८० घरे, रस्त्यापलीकडच्या वस्तीतही ८० घरे. दोन्ही ओळींपुढे सरासरी २.९८. म्हणून ‘मध्यम समाधान’.

पण आमच्या वस्तीत मध्यम असे काही नाही. जलकुंभाजवळच्या गल्ल्यांत सकाळी नळ सोडला की बादली भरून वाहते. लाइनच्या टोकाला मे महिन्यात धार करंगळीएवढी होते. ज्यांच्याकडे टिल्लू पंप आहे ते ओढून घेतात आणि बाकीचे हंडे-गुंड घेऊन टँकरची वाट पाहतात. कूलरच्या टाकीत ओतायला पाणी कुठून आणणार? हे मला रोज दिसते आणि तक्त्यात मात्र कुठेच दिसत नव्हते.

सर्वेक्षण करणाऱ्यांपैकी एक मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. तिला फोन केला तर संध्याकाळी सगळे फॉर्म पिशवीत घालून घरीच आली. म्हणाली, “मॅडम, एक्सेलनं सरासरी काढून दिली, तीच लिहिली. चूक झाली का?” बेरीज-भागाकार तिने बरोबर केला होता. चूक त्याच्या आधीच्या पायरीवर होती. आम्ही दोघींनी फॉर्म उत्तरांप्रमाणे वेगळे केले आणि जेवणाच्या टेबलावर गठ्ठे लावले.

आमच्या वस्तीत १ वर खूण करणारी ३० घरे निघाली, २ वर ८, ३ वर फक्त ४, ४ वर १० आणि ५ वर २८. पलीकडच्या वस्तीत हेच आकडे अनुक्रमे ५, १४, ४१, १८ आणि २ असे होते. दोन्हीकडे बेरीज २३८ येते, ८० ने भागले की २.९७५, म्हणजे २.९८. पण आमच्याकडे टेबलाच्या दोन टोकांना दोन उंच गठ्ठे आणि मध्ये जवळजवळ रिकामी जागा होती. पलीकडच्यांचा एकच उंच गठ्ठा होता, तोही मधोमध. असमाधानी घरे (१ आणि २ मिळून) आमच्याकडे ३८, त्यांच्याकडे १९. बरोबर दुप्पट. ‘मध्यम’ म्हणणारी घरे त्यांच्याकडे निम्म्याहून अधिक, आमच्याकडे ८० पैकी ४. आमच्या वस्तीची सरासरी ज्या जागी येऊन पडते तिथे राहणारे लोक जवळजवळ नाहीतच.

इथे एक जण म्हणेल, सरासरीऐवजी मध्यक घ्या. सगळी उत्तरे चढत्या क्रमाने रांगेत लावून मधले उत्तर पाहणे ही क्रमवाचक, म्हणजे फक्त क्रम सांगणाऱ्या, आकड्यांसाठी योग्यच रीत आहे, मीही तीच शिकवत आले. पण या तक्त्यात ४० वे आणि ४१ वे घर दोन्ही वस्त्यांत ३ वरच येते. म्हणजे मध्यकही दोघांना सारखेच ठरवतो. कोणताही एकच आकडा दोन गठ्ठ्यांची गोष्ट सांगू शकत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हे १ ते ५ आकडे मापाचे नाहीत, पायऱ्यांचे आहेत. पाचवी पायरी चौथीच्या वर आहे एवढेच त्यातून कळते. पायऱ्यांमधली उंची सारखी आहे असे कोणी मोजलेले नाही. त्या गठ्ठ्यांत लाइनच्या टोकाला राहणाऱ्या एका मावशींचा फॉर्म होता. त्यांनी १ वर पेन इतके दाबले होते की कागद फाटला होता. त्यांचे १ आणि शेजारणीचे २ यांतले अंतर, कोणाच्या तरी ४ आणि ५ मधल्या अंतराएवढेच, असे आपण कशावरून म्हणतो? सरासरी काढताना मात्र ते सगळे मुकाट्याने गृहीत धरले जाते.

हे गृहीतक किती महागात पडते ते याच फॉर्मवर पाहता येते. समजा ‘अजिबात समाधानी नाही’ला १ ऐवजी ० दिला, बाकी सगळे तसेच ठेवले. पायऱ्यांचा क्रम बदलला नाही. तरी आमच्या वस्तीची सरासरी २.६० होते आणि पलीकडची २.९१. पलीकडची वस्ती पुढे गेली. आता तो ० पुन्हा १ करा आणि ‘पूर्ण समाधानी’ला ५ ऐवजी ६ द्या. क्रम याही वेळी तोच. आमची सरासरी ३.३३ आणि पलीकडची ३.००, म्हणजे आमची वस्ती पुढे. एकाही घराने उत्तर बदललेले नाही, तरी एकदा हे पुढे आणि एकदा ते. जो निष्कर्ष केवळ आकडे कसे दिले यावर उलटतो तो लोकांच्या मताबद्दलचा निष्कर्ष नव्हे. उलट ‘असमाधानी ३८ विरुद्ध १९’ हे वाक्य कोणतेही आकडे दिले तरी हलत नाही, कारण ती घरांची मोजदाद आहे.

सरासरी सर्वत्र वर्ज्य आहे असे मी म्हणत नाही. ज्यांच्या नावाने ही श्रेणी ओळखली जाते त्या रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये ती मांडली, तेव्हा एकेका माणसाची अनेक विधानांवरची उत्तरे एकत्र करून त्या माणसाचा गुण काढला होता. एकाच विषयावरची वीसेक विधाने एकत्र आली की पायऱ्यांचा असमानपणा बराचसा विरतो, आणि अशा एकत्रित गुणांची सरासरी काढण्यात गैर नाही असे मानणारे जाणते लोक आहेत. मलाही ते बहुतांशी पटते. उलट बाजूने मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मोजमापांचे प्रकार सांगताना क्रमवाचक मापांना मध्यक आणि शततमक योग्य ठरवले. तो वाद अजून मिटलेला नाही. पण पाण्याच्या सर्वेक्षणात विधान एकच होते. लिकर्ट यांच्या बेरजेचा आधार तिथे घेता येत नाही.

फोटोबद्दलही सांगायला हवे, कारण वाचकाच्या हाती तेवढाच असतो. आपण छापलेल्या फोटोत तक्त्याची वरची ओळ कापली गेली होती. त्यामुळे ५ म्हणजे उत्तम की वाईट, हेच कळत नव्हते. काही फॉर्मवर १ सर्वांत चांगले असते, आणि तसे असते तर सगळा अर्थच उलटा झाला असता. उजवीकडचा ‘सांगता येत नाही’चा रकानाही अर्धाच दिसत होता. असे उत्तर कोणी ६ किंवा ० म्हणून नोंदवले आणि तेही सरासरीत मिसळले, तर फोटो पाहून कोणाला कळणार?

तरी एक पडताळा फोटोवरूनही घेता येतो. तक्त्याच्या तळाशी तिसरी, छोटी वस्ती होती: घरे २०, सरासरी ३.४३. उत्तरे पूर्णांकांत असतील तर २० घरांची बेरीज पूर्णांकच असणार. बेरीज ६८ असेल तर सरासरी ३.४०, ६९ असेल तर ३.४५. मधला ३.४३ येऊच शकत नाही. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स या संशोधकांनी या तपासणीला ग्रिम असे नाव दिले आहे आणि ती कागद-पेन्सिलीने होते. आम्ही त्या वस्तीचे फॉर्म मोजले तर ते २१ निघाले. एक फॉर्म दुसऱ्या दिवशी आला होता, सरासरीत तो धरला गेला आणि घरांची संख्या बदलायची राहिली. ७२ भागिले २१ केले की ३.४३ येतात. उत्तरे देणारे शंभराच्या आत असतील तेव्हाच दोन दशांशांवर ही तपासणी उपयोगी पडते. मोठ्या सर्वेक्षणात जवळजवळ प्रत्येक आकडा शक्य ठरतो.

मग छापायचे काय? त्या मुलीला मी सांगितले तेच आपल्यालाही सांगते. एकेका उत्तराची मोजदाद द्यावी. तिच्या एक्सेलमध्ये पहिल्या वस्तीची ८० उत्तरे ब रकान्यात होती, तिथे एवढेच पुरते, शेवटचा आकडा १ पासून ५ पर्यंत बदलत जायचे:

```
=COUNTIF(B2:B81,1)
```

मग तक्त्यात प्रत्येक वस्तीपुढे पाच आकडे, ‘सांगता येत नाही’ वेगळे, आणि एकूण घरे. टक्केवारी दिली तर ती कोणत्या संख्येवर काढली तेही लिहावे. २१ घरांच्या वस्तीत टक्के न देता ‘२१ पैकी इतकी’ असे लिहिणे जास्त प्रामाणिक आहे, कारण तिथे एक घर इकडचे तिकडे झाले की जवळजवळ पाच टक्के हलतात. बातमीच्या वाक्यासाठी १ आणि २ एकत्र करून ‘असमाधानी’ म्हणायला हरकत नाही. पण कोणती उत्तरे एकत्र करायची हे फॉर्म मोजण्याआधी ठरवायचे. आकडे पाहून मग सोयीची जोडी बांधली तर तीही सरासरीइतकीच फसवी. चित्र काढायचे असेल तर प्रत्येक वस्तीची आडवी पट्टी पाच रंगांत वाटून काढावी, असमाधानी डावीकडे, समाधानी उजवीकडे. आमची पट्टी दोन्ही कडांना गडद आणि मध्ये बारीक दिसली असती आणि मथळा आपोआप बदलला असता.

त्या मुलीने नवा तक्ता टाइप करून ठेवला आहे, प्रश्न शब्दशः वर लिहून आणि पाचही उत्तरांचे अर्थ देऊन. फोटो न काढता तोच या पत्रासोबत पाठवत आहे. तो आपण छापावा आणि जुन्या मथळ्याची दुरुस्ती करावी ही विनंती. टँकरच्या फेऱ्या कोणत्या गल्लीत वाढवायच्या हे ठरवताना अधिकारी बातमीचे कात्रण पुढे ठेवतात, आणि लाइनच्या टोकाची ३० घरे सध्या त्या कात्रणात ‘मध्यम समाधानी’ आहेत.

आपली,
एक निवृत्त सांख्यिकी शिक्षिका, नागपूर