पेजेची वाटी तीच, पेज दाट

मालवण

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. तुझी चिमी दोन वर्षांची, वजन ८.८ किलो, अंगणवाडीच्या तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे वयाच्या मानाने कमी, आणि भरवताना रणकंदन. आणि तू पत्राच्या शेवटी सहज लिहिलंयस, 'पेज मात्र वाटीभर पिते.' घोळ तिथेच आहे. अर्धी वाटी, म्हणजे १०० मिली पातळ पेजेत तांदूळ जेमतेम १० ग्रॅम, कॅलरी साधारण ३५. बाकी सगळं पाणी. त्याने पोट भरतं, मग पुढचा घास नको होतो. पोरीचा हट्ट वगैरे काही नाही.

म्हणून घास वाढवू नकोस, आहे तोच दाट कर. दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळ घेऊन, चमच्यावरून ओघळणार नाही असा गुरगुट्या भात शिजव. अर्ध्या वाटीत साधारण ८५ कॅलरी येतील. गरम असतानाच चमचाभर साजूक तूप मुरव, त्याच्या ४०. भाजलेल्या शेंगदाण्यांचं बारीक कूट चमचाभर, त्याच्या २५. वाटी तीच, पण दीडशेपर्यंत गेली. कूट आधी चिमूटभर देऊन अंगावर पित्त उठतं का ते बघ. अख्खा दाणा किंवा काजू देऊ नकोस, घशात अडकतो. तूप अर्ध्या चमच्यापासून सुरू कर आणि दर तीन दिवसांनी थोडं वाढव. एकदम घातलंस तर शी पातळ होईल आणि आजी तुपाला दोष देतील. माशाच्या सारात दुसरा पातळ रस न घालता नारळाचा पहिला, जाड रस घाल.

नाचणीची खीर दाट केली की चिकट होते, पोरं ती थुंकतात. त्याला मोडाचं पीठ हा उपाय. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांध, मोड आले की कडक उन्हात वाळव, अगदी मंद भाजून दळ. पावसाळ्यात करू नकोस, बुरशी धरते. दाट खीर उतरवून, बोट क्षणभरच टेकेल इतकी निवली की हे पीठ चमचाभर ढवळ. दहा मिनिटांत खीर सैल होते, कारण मोडातला रस पिठूळपणा तोडतो. मग एक उकळी दे. उकळत्या खिरीत घातलंस, किंवा पीठ आधीच खरपूस भाजलंस, तर तो रस मरतो आणि खीर तशीच राहते.

आता ते भरवतानाचं रणकंदन. ताटात काय आणि कधी हे तू ठरव, किती ते ती ठरवेल. तोंड फिरवलं, ओठ मिटले की चमचा खाली. वीस मिनिटांनी ताट उचल, न रागावता. नाक दाबून भरवलेला घास उलटीत जातो आणि दुसऱ्या दिवशी ताट बघूनच ती रडते. दोन खाण्यांत अडीच-तीन तास फक्त पाणी. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेव, नाहीतर भूकच लागत नाही.

वजन पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर. महिन्यात काहीच वाढलं नाही, दंडाचा घेर १२.५ सेंमीच्या खाली आला, जुलाब थांबेनात किंवा पावलांवर सूज दिसली, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. पंधरा दिवसांनी आकडा कळव. आजींना नमस्कार.

तुझा,
विनू