पुरणपोळीची स्क्रिप्ट: आधी काय, मग काय

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार. तुझी पुरणपोळीच्या व्हिडिओची स्क्रिप्ट वाचली. बोलणं अगदी तुझं आहे, त्याला मी हात लावलेला नाही. पण पहिल्यांदा पुरणपोळी करणारी मुलगी हा व्हिडिओ बघत बघत करायला लागली, तर दुसऱ्याच मिनिटाला अडेल. तिथे तू म्हणतेस, "आता आपली भिजवलेली डाळ घ्यायची." तिने डाळ भिजवलेलीच नाही! पुढे सातव्या मिनिटाला "मघाशी मळून ठेवलेली कणीक" येते. ती कधी मळली, किती घेतली, याचा आधी कुठेच पत्ता नाही.

म्हणून मी स्क्रिप्टमधले "भिजवलेली", "मळून ठेवलेली", "किसलेला" असे सगळे शब्द पेन्सिलीने अधोरेखित केले. असा प्रत्येक शब्द म्हणजे आधी करून ठेवायचं एक काम. ती कामं उचलून वर आणली, की क्रम आपोआप लागतो. डाळ धुऊन २ तास भिजत घालायची, हे पहिलं वाक्य. ती कुकरमध्ये चढली, की लगेच कणीक मळायची. डाळ शिजणार, कुकर निवणार, कट निथळणार, पुरण आटणार आणि वाटून होणार, यात तासभर सहज जातो. कणकेला मुरायला तेवढाच वेळ हवा असतो. तू कणीक शेवटी ठेवलीस, त्यामुळे बघणारी पुरण तयार करून तासभर नुसती बसून राहील. नाहीतर न मुरलेल्या कणकेची पोळी लाटेल आणि ती कडेला फाटेल.

आता मापं. "एक वाटी डाळ, एक वाटी गूळ" हे आपल्याला कळतं, कारण आपली वाटी ठरलेली आहे. पण चिरलेला गूळ वाटीत दाबून भरला की सैल, यावर पुरण किती गोड होणार ते ठरतं. तेव्हा बोलताना वाटीच म्हण, पण खाली पट्टीवर ग्रॅम दे: हरभरा डाळ २०० ग्रॅम, गूळ २०० ग्रॅम, कणीक २०० ग्रॅम, आणि यात मध्यम आकाराच्या १० पोळ्या. डाळ कोरडी मोजायची, हेही सांग. भिजल्यावर ती फुगते आणि वाटीचा हिशोब चुकतो. तेलाचं तर नक्की बदल. साहित्यात "तेल ५ चमचे" आहे आणि कृतीत "तेल घालून कणीक मळा". कुणीही पाचही चमचे तिथेच ओतेल. "३ चमचे कणकेत, २ चमचे वरून मळायला" असं फोडून लिही. चमचा पोह्याचा की चहाचा, तेही सांग. कणकेच्या पाण्याला मात्र आकडा देऊ नकोस. पीठ कोणतं आहे त्यावर ते ठरतं, म्हणून "पाऊण वाटी हाताशी ठेवा, लागेल तसं घ्या" एवढं पुरे.

सगळ्यात जास्त काम मला या एका वाक्यावर करावं लागलं: "डाळ मस्त शिजवून त्यात गूळ घाला आणि छान घट्ट होईपर्यंत परता." खरी पुरणपोळी इथेच बिघडते. गूळ पडल्यावर डाळ पुढे शिजत नाही, कणी राहिली तर राहिलीच. आणि "छान घट्ट" प्रत्येकीचं वेगळं. मी ते असं लिहून बघितलं:

"पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि १५ मिनिटं ठेवा. कुकर आपोआप निवू द्या. एक दाणा बोटांत चिरडून बघा. मध्ये कणी लागली तर अजून ५ मिनिटं शिजवा, गूळ अजून घालायचा नाही. कट गाळून घ्या, तो आमटीला लागेल. आता २०० ग्रॅम चिरलेला गूळ घाला. मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं हलवत राहा. चमचा मध्ये उभा राहिला, की गॅस बंद. पुरण गरम आहे तोवरच यंत्रातून काढा."

मिनिटं आणि खूण अशी दोन्ही दिली आहेत. तुझ्या जाड बुडाच्या कढईत १५ मिनिटं लागतात, पातळ पातेल्यात पुरण त्याआधीच खाली लागेल. चमच्याची खूण दोन्हीकडे चालते. तिथे चमचा उभा राहिलेला अगदी जवळून दाखव आणि पाच सेकंद कॅमेरा हलवू नकोस. "शिट्ट्या ५" मी काढून टाकलं, कारण शिट्ट्या कुकर आणि आच बदलली की बदलतात.

वरचं "लागणारा वेळ ३० मिनिटं" हेही बदल. भिजवण्यापासून शेवटच्या पोळीपर्यंत चार तास धर. तसं सांगितलंस, तर होळीच्या दिवशी बघणारी सकाळीच डाळ भिजत घालेल.

वेलची-जायफळाचं माप मी कोरं सोडलंय. तुझ्या हाताचा अंदाज एकदा चमच्याने मोजून तूच भर. दुसरा खर्डा झाला की पाठव. शूटिंगच्या आधी मी तो समोर ठेवून एकदा पोळ्या करून बघेन, म्हणजे अडेल तिथे खूण करता येईल.

तुझी,
सुलभा