नथीच्या मजकुराबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांना शि. सा. न. वि. वि.

आई, तू बांधलेल्या नथी मिळाल्या. मोती एकसारखे बसलेत आणि तारेचं टोक कुठेही बोटाला लागत नाही. परवा फोनवर तू विचारलंस, "इन्स्टाग्रामवर नथीचा फोटो टाकलास की झालं, त्याखाली दोन-दोन भाषांत एवढं काय लिहीत बसतेस?" फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आपली गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची आहेत. तुझ्या वयाच्या बायकांचं नाक टोचलेलं असतं आणि त्यांना तारेची नथ हवी असते. माझ्या वयाच्या मुलींपैकी बऱ्याच जणींचं टोचलेलं नसतं, त्यांना दाबाची लागते. फोटोत मात्र दोन्ही सारख्याच दिसतात, कारण फरक मागच्या बाजूला असतो. तो मजकुरात आला नाही, तर एखाद्या काकू दाबाची नथ मागवतील आणि घरी पोचल्यावर परत पाठवतील.

म्हणून इंग्रजीतून मराठी किंवा मराठीतून इंग्रजी असं भाषांतर मी करत नाही. दोन्ही मजकूर वेगवेगळे लिहिते. ह्या खेपेचा मराठी मजकूर असा आहे:

"मोत्याची दाबाची नथ. टोचलेल्या नाकासाठी हीच नथ तारेची करून मिळेल. ९२.५ टक्के चांदी, वर सोन्याचा मुलामा. मोती कल्चर्ड, मधला लाल खडा काचेचा. वजन ४ ग्रॅम, रुंदी ३ सेंटिमीटर. किंमत १,८५० रुपये, कुरिअरचे वेगळे."

इंग्रजीत पहिलंच वाक्य येतं की ही क्लिपची आहे, नाक टोचायची गरज नाही. मग ती डाव्या नाकपुडीवर घालतात हे सांगते, कारण महाराष्ट्राबाहेरच्या मुलींना ते माहीत नसतं. त्यानंतर ही साडीवर शोभते तशी साध्या कुर्त्यावरही चालते, एवढं एक वाक्य. मराठीत ते लिहायची गरज वाटत नाही. तिथे बायका आधी मोती कसले आणि चांदी किती ते विचारतात.

बाबा, तुमच्या हिशेबी नजरेला एक गोष्ट पटेल. क्रम वेगळा असला तरी वजन, माप, धातू आणि किंमत दोन्हीकडे तंतोतंत एकच असावी लागते. इंग्रजीत नुसतं 'गोल्ड नथ' आणि मराठीत 'सोन्याचा मुलामा' असं झालं, तर ती इंग्रजी वाचणाऱ्याची फसवणूकच. म्हणून टाकण्याआधी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून फक्त आकडे आणि धातू ताडून बघते. मुलामा वापराने हळूहळू उतरतो आणि अत्तराने मोत्यांची झळाळी जाते, हेही दोन्हीकडे लिहिते. अत्तर आधी, नथ शेवटी.

जागेचीही अडचण असते. इन्स्टाग्रामवर मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, पुढचं 'more' दाबल्यावर उघडतं. सगळी मराठी आधी घातली तर इंग्रजी वाचणारी मुलगी पुढे निघून जाते. म्हणून पहिल्या ओळीत दोन्ही भाषांत फक्त नथीचा प्रकार, मग पूर्ण मराठी, मग पूर्ण इंग्रजी. शेवटी #nath असे रोमन लिपीतले टॅग, कारण मराठी मुलीसुद्धा शोधताना बहुतेक रोमनमध्येच टाइप करतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर हे चालत नाही. तिथे काकू-मावश्यांना मी फक्त मराठी पाठवते. कुणी फोटो सेव्ह करून दुसऱ्या ग्रुपमध्ये टाकला की खालचा मजकूर गळून पडतो, म्हणून नथीचा प्रकार, किंमत आणि आपला नंबर फोटोवरच लिहिते. अक्षर मोठं ठेवते. बारीक अक्षरात जोडाक्षरं चिकटतात आणि चष्म्यातूनही लागत नाहीत. किमतीसाठी मेसेज करा, असं कुठेही लिहीत नाही. वडीलधाऱ्या बायकांना भाव विचारायचा संकोच वाटतो आणि त्या गप्प राहतात.

मजकूर अपुरा पडला की ते प्रश्नांवरून कळतं. एकच प्रश्न तीन-चार जणींनी विचारला की त्याचं उत्तर पुढच्या खेपेला मजकुरात जातं. तारेच्या नथीचं वाक्य असंच आलं. सध्या "दाब सैल झाला तर काय करायचं?" हा प्रश्न वारंवार येतोय. आई, ते तुझ्याइतकं नेमकं मला सांगता येणार नाही. कुठे धरायचं, किती दाबायचं आणि मोत्यावर जोर कसा येऊ द्यायचा नाही, हे शेजारच्या काकूंना सांगतेस तसंच बोलून मला पाठव. मी ते तुझ्याच शब्दांत मराठीत घालीन आणि इंग्रजीत माझ्या शब्दांत वेगळं लिहीन.

बाबा, तारेच्या नथीची मजुरी वेगळी धरायची का, तेवढं कळवा. तो आकडा आल्याशिवाय मला पुढचा मजकूर टाकता येणार नाही.

तुमची,
मनू