काउंटरवरच्या नव्या मुलीविषयी

डोंबिवली

ती. आई आणि ती. बाबा यांना,
सा. न. वि. वि.

काउंटरसाठी मुलगी ठेवली असताना मला अजून तिच्याशेजारी का बसावे लागते, असे आईने फोनवर विचारले होते. बोलणे सुरू असतानाच दोन बायका आयब्रोसाठी दारात उभ्या राहिल्या, त्यामुळे उत्तर अर्धवट राहिले. म्हणून आज सविस्तर लिहिते.

मुलगी हुशार आहे, अक्षर स्वच्छ आहे आणि फोनवर बोलणेही गोड आहे. अडचण एवढीच, की तिला नाही म्हणणे जमत नाही आणि वहीत रिकामे घर दिसले की ती त्यात कोणाचे तरी नाव लिहून टाकते. बाबा, तुम्ही स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसत होतात, तेव्हा फलाटावरची गर्दी पाहून गाडी सोडत नव्हतात. गाडी, ड्रायव्हर आणि कंडक्टर हे तिन्ही मोकळे आहेत का, हे आधी पाहत होतात. पार्लरच्या वहीतही तसेच तीन प्रश्न असतात: काम करणारीचे हात मोकळे आहेत का, खुर्ची किंवा बेड मोकळा आहे का, आणि केस धुण्याचे बेसिन मोकळे आहे का. आमच्याकडे बेसिन एकच आहे, त्यामुळे वहीत प्रत्येक मुलीच्या नावाच्या रकान्याशेजारी मी बेसिनचाही एक रकाना आखला आहे. सगळे पेन्सिलने लिहायचे आणि एकेक ओळ पंधरा मिनिटांची धरायची.

सुरुवातीला मी तिला फोन उचलू दिला नाही. हातात घड्याळ देऊन आत बसवले आणि कोणत्या कामाला प्रत्यक्षात किती वेळ लागतो, तो लिहायला सांगितले. आयब्रो दहा मिनिटांत होतात, पण त्याच बाईने ऐन वेळी अप्परलिप आणि फोरहेडही करायला सांगितले, तर पाव तास जातो. फेशियल तासाभराचे म्हणतात, तरी कपडे बदलणे, शेवटचा पॅक आणि बेडवरची चादर बदलणे धरले तर सव्वा तास लागतो. हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नसते, तर माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसला नसता.

सर्वांत अवघड प्रकरण हेअर कलरचे आहे, कारण त्याच्या मध्यभागी एक मोकळी जागा असते आणि तीच फसवते. गेल्या शनिवारचेच उदाहरण घ्या. दुपारी ४ वाजता एका नेहमीच्या बाईंचा रूट टचअप, म्हणजे नुसत्या मुळांना रंग, होता आणि तो आमच्या सर्वांत जुन्या ताईंकडे होता. रंग लावायला अर्धा तास, मग ४.३० ते ५.०५ रंग तसाच ठेवायचा, त्यानंतर धुणे आणि ब्लो ड्राय करून ५.४५ ला काम संपायचे, असा हिशेब होता. मधली पस्तीस मिनिटे ताईंचे हात मोकळे असतात, हे नव्या मुलीने बरोबर हेरले. पण तिने त्या जागेत पूर्ण हात आणि अर्धे पाय यांचे वॅक्सिंग लिहिले. त्याला कमीत कमी पाऊण तास लागतो. म्हणजे ५.०५ ला एका बाईच्या पायावर वॅक्स आणि दुसरीच्या डोक्यात पिकलेला रंग, आणि करणारे हात मात्र एकाच बाईचे. रंग जास्त वेळ राहिला तर तो हवा त्यापेक्षा गडद उतरू शकतो, टाळूची आग होऊ शकते, आणि मग ती गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. ते मी वही पाहताना आधीच पकडले आणि वॅक्सिंग ६ वाजता दुसऱ्या मुलीकडे सरकवले.

त्यावरून तिला नियम घालून दिला, की रंगाच्या मधल्या वेळात वीस मिनिटांपेक्षा लांबीचे काही लिहायचे नाही. उरलेला पाव तास रिकामा दिसतो, पण तो रिकामा नसतो. ताईंना मध्येच जाऊन एक बट पुसून रंग किती चढला आहे हे पाहावे लागते. शिवाय त्या दिवशी बेसिनच्या रकान्यात ५ वाजता एका हेअरकटवालीचा हेअरवॉश लिहिलेला होता. ताईंचे हात मोकळे असते, तरी बेसिन नसते. तो हेअरवॉश पाऊण तास पुढे गेला.

साडेचारच्या सुमारास साखरपुड्याला निघालेल्या दोघी अपॉइंटमेंट न घेता आल्या, दोघींना आयब्रोबरोबर अप्परलिप आणि फोरहेडही करायचे होते. आता तिथे रंगाची मोकळी जागा खरोखर कामाला आली. एकीला ताईंनी लगेच घेतले. दुसरीला या मुलीने सवयीने ‘पाच मिनिटे बसा’ म्हटले, आणि मला तिथेच तिला थांबवावे लागले, कारण पुढचे मोकळे हात ५.५० ला होते. पाच मिनिटे म्हणून तासभर बसवलेली बाई चिडते; तुम्हाला ५.५० ला घेऊ, तोवर बाजारातले काम उरकून या, असे सांगितलेली बाई बहुधा परत येते. नाही म्हणायचेच असेल तर नुसते नाही म्हणू नये, दोन वेळा पुढे ठेवाव्यात, हे ती आता शिकते आहे. मी आतल्या खोलीतून अनोळखी गिऱ्हाईक होऊन तिला फोन करते आणि हट्ट धरते, की मला आजच सहाला हवे आणि ताईच हव्यात. पहिल्यांदा ती विरघळली. आता ती शांतपणे म्हणते, “ताई हव्या असतील तर उद्या अकराला, आजच यायचे असेल तर साडेसातला दुसऱ्या मॅडमकडे.”

उशिरा येणाऱ्यांचा प्रश्न डोंबिवलीत कधी संपणार नाही, कारण संध्याकाळच्या निम्म्या अपॉइंटमेंट लोकलच्या भरवशावर असतात. पाव तासापर्यंत आम्ही थांबतो. त्याहून उशीर झाला आणि बेडवर पुढचे नाव असेल, तर फेशियलऐवजी क्लीनअप करायचे, की पुढच्या गिऱ्हाइकानंतर पूर्ण फेशियल, हे तिने विचारायचे आणि निवड बाईंवर सोडायची.

फोनवर कलर म्हटले की लगेच वेळ द्यायची नाही, हे मात्र तिला अजून रोज सांगावे लागते. फक्त मुळांना की पूर्ण केसांना, केस खांद्यापर्यंत की कमरेपर्यंत, याआधी काळी मेंदी लावली होती का, हे सगळे विचारल्याशिवाय किती ओळी राखायच्या तेच कळत नाही. कमरेपर्यंतच्या केसांना नुसता रंग लावायलाच तास जातो. आणि जिने आधी कधी रंग लावलेला नाही, तिच्या त्वचेला रंग सोसतो का हे पाहणारी पॅच टेस्ट ४८ तास आधी झाली पाहिजे, त्यामुळे तिला आजची वेळ देताच येत नाही, मग ती कोणाच्याही ओळखीची असो.

दसऱ्यानंतर दिवाळीची बुकिंग सुरू होतील, तोपर्यंत ती एकटी काउंटर सांभाळू लागेल असे वाटते. आई, तू दिवाळीआधी येणार आहेस आणि या वेळी केसांना रंग लावायचा म्हणते आहेस, तर दोन दिवस आधीच ये. कानामागे टेस्ट झाल्याशिवाय ही मुलगी तुलाही वेळ देणार नाही.

बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात. बाकी सर्व क्षेम.

तुमची लेक