सूचना : पुरस्कार स्वीकारतानाच्या मनोगताबाबत

सर्व खेळाडू सदस्यांना कळविण्यात येते की, जिल्हा पुरस्कार स्वीकारणाऱ्या खेळाडूस मनोगतासाठी दोनच मिनिटे मिळणार असून, सावकाश बोलल्यास तेवढ्या वेळात साधारण 200 शब्द होतात. मान्यवरांची नावे सूत्रसंचालकांनी आधीच घेतलेली असतात. ती पुन्हा वाचल्यास निम्मा वेळ तेथेच जातो आणि प्रशिक्षकांच्या वाट्याला एक घाईचे वाक्य उरते. त्यामुळे आरंभी ‘सर्व मान्यवर’ एवढेच म्हणावे.

प्रशिक्षकांचे आभार मानताना ‘मोलाचे मार्गदर्शन’ असे न म्हणता त्यांनी केलेली एखादी नेमकी दुरुस्ती सांगावी. उदाहरणार्थ, लांब उडीच्या खेळाडूने असे म्हणावे : “माझा पाय दरवेळी फळीच्या पुढे पडून उडी बाद होत असे. मी शेवटचे पाऊल आखडून पाहत होते, त्याने वेगच जाई. सरांनी पाऊल बदलू दिले नाही. पाय जितका पुढे पडत होता, तितकी धावेची खूण मागे सरकवली.” हे ऐकून खेळ न जाणणाऱ्यालाही सरांचे काम कळते.

कुटुंबाविषयीही असेच एखादे काम सांगावे, जसे पहाटेच्या सरावाला मैदानापर्यंत सोबत येणे. बहुतेकांचा कंठ याच ठिकाणी दाटतो (त्यात गैर काही नाही), म्हणून हा भाग शेवटी ठेवावा आणि ते वाक्य कागदावर मोठ्या अक्षरांत पूर्ण लिहून आणावे. मनोगताचा मसुदा समारंभाच्या आदल्या दिवशी सचिवांना दाखवावा.