सलूनचं ट्रेनिंग: तू विचारलं होतंस ते

प्रिय मिनू,

परवा फोनवर तू विचारलंस की दर महिन्याला मुलींचं ट्रेनिंग घेतेस म्हणजे नक्की करतेस काय, तेव्हा मी घाईत होते, आता निवांत लिहितेय.

महिन्यातून एकदा, सलून उघडायच्या आधी दीड तास. त्यातला निम्मा वेळ कन्सल्टेशनलाच जातो कारण सगळी गडबड तिथेच होते, कात्री कशी धरायची ते त्यांना येतंच गं. एक मुलगी क्लायंट होते, तिला मी चिठ्ठीवर एक गोष्ट लिहून देते आणि ती नीट विचारल्याशिवाय सांगायची नाही.

मागच्या वेळी चिठ्ठीत होतं, "दीड वर्षापूर्वी काळी मेंदी लावली होती." समोरचीने विचारलं, मॅडम आधी कलर केलाय का, उत्तर आलं नाही, आणि ही लगेच हायलाइट्सच्या तयारीला! आता मेंदी लावणाऱ्या बाईच्या मनात मेंदी म्हणजे कलर नसतोच ना, ती खोटं बोलत नाही. पण काळ्या मेंदीत कधी कधी धातूचे क्षार असतात, ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी त्यांची रिअ‍ॅक्शन झाली की केस तापतात, तुटतातसुद्धा. मग मी टेप काढून केस मोजायला लावले. छत्तीस सेंटीमीटर. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे टोकं जवळपास अडीच वर्षांची, मेंदी अजून तिथेच बसलीये. म्हणून आता प्रश्नच बदललाय: "गेल्या तीन वर्षांत केसांना काय काय लावलं, घरी लावलेलं पण सांगा." तरी शंका वाटलीच तर आधी एका बटेवर करून बघायचं. आणि कलरची पॅच टेस्ट ४८ तास आधी, ती जुन्या क्लायंटलाही, कारण अ‍ॅलर्जी मध्येच कधीही सुरू होऊ शकते.

हायजीनचं लेक्चर मी देत नाही, सरळ जंतुनाशकाची बरणी टेबलावर ठेवते. गेल्या महिन्यात त्यातल्या कंगव्याला केस चिकटलेले, सगळ्या एकमेकींकडे बघतायत. आधी केस काढून साबणाने धुवायचं, मगच बुडवायचं, नाहीतर औषध दात्यांपर्यंत पोचतच नाही. आणि बाटलीवर लिहिलेली मिनिटं टायमर लावून पूर्ण करायची, गर्दीत नेमकं तेच चुकतं.

शेवटी कलर मिक्सिंग. एक भाग कलरला दीड भाग डेव्हलपर, म्हणजे ६० ग्रॅमला ९०. दोघींना अंदाजाने घालायला सांगितलं आणि मग वजन केलं, एकीचं ७२, दुसरीचं ११०! मग तोच शेड एकदा गडद एकदा फिका का येतो, हे मला समजावावंच लागलं नाही. आता वाटी काट्यावरच असते, आणि वजन क्लायंटच्या कार्डावर.

पुढच्या वेळी तू क्लायंट होतेस का? माझी चिठ्ठी आता मुली ओळखायला लागल्यात.

तुझी,
वैशू