सूचना : जळगाव मुक्कामासाठी खोली ठरवण्याआधी

सभासद बंधू-भगिनींनो, मेळाव्यासाठी जो तो आपली खोली स्वतः ठरवणार आहे, म्हणून हे लिहितो. "व्हीलचेअर चालेल का?" असं फोनवर विचारू नका. उत्तर नेहमी "हो भाऊ, या की!" असंच येतं.

मागे धुळ्याला एका लॉजवर मी तसंच विचारून गेलो होतो. लिफ्ट होती, खोलीही ऐसपैस. पण बाथरूमच्या दाराची मोकळी जागा भरली 23 इंच आणि माझी खुर्ची चाकांसकट 25. दोन दिवस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, दोघांच्या आधाराने आत जावं लागलं.

म्हणून आधी आपली खुर्ची मोजा. मग मॅनेजरला बाथरूमचं दार पूर्ण उघडून, दाराच्या कडेपासून समोरच्या चौकटीपर्यंत टेप लावायला सांगा. नुसती चौकट मोजली तर दाराची जाडी धरली जात नाही, तिथेच फसगत होते. टेप लावलेला फोटोच मागवा. त्यात उंबरा, कमोड आणि शेजारची जागाही दिसू द्या.

लिफ्टबद्दल दोनच प्रश्न: तिच्यापर्यंत पायऱ्या आहेत का, आणि लाईट गेल्यावर ती जनरेटरवर चालते का? (आपल्याकडचा उन्हाळा माहीत आहेच.) पलंगाची उंची गादीसकट विचारा. ती खुर्चीच्या बैठकीइतकी, साधारण 19-20 इंच, असली की सरकून जाता येतं. जाड गादीमुळे ती 25 झाली, तर उतरणं जमतं, चढणं नाही.